ओळखीच्या गावातली समुपदेशक

आशा कार्यकर्ती निवडताना पहिली अट असते ती रहिवासाची. ती त्याच गावची हवी आणि लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित असावी, म्हणजे व्यवहारात बहुतेक वेळा गावची सून. कारण उघड आहे. लेक लग्न करून परगावी जाते, सून गावात राहते. अंगणवाडी सेविकेलाही स्थानिक रहिवासाची अट आहे. बाईच्या बाळंतपणाची आणि मुलाच्या वजनाची नोंद ठेवणारी कार्यकर्ती तिची जाऊ, नणंद किंवा शेजारीण असणार, हे आपल्या व्यवस्थेने नाइलाज म्हणून सहन केलेलं नाही. तिने ते मुद्दाम मागून घेतलं आहे, कारण ओळखीच्या माणसालाच दार उघडलं जातं.

आणि याच व्यवस्थेला समुपदेशक पुरवणाऱ्या समाजकार्य महाविद्यालयांत मुलं शिकतात की ज्याची केस आपल्याकडे आहे त्याच्याशी दुसरं कुठलंही नातं ठेवू नये. मित्र होऊ नये, व्यवहार करू नये, घरी जाऊ नये. परीक्षेत असं लिहिलं की गुण मिळतात. नोकरी लागून तालुक्याच्या गावी गेलं की पहिल्याच आठवडे बाजारात हा नियम मोडतो. भाजीवाली केसमधली असते, घरमालक कुणाचा तरी सासरा असतो. मग होतं असं की नियम पाळता येत नाही म्हणून तो सोडूनच दिला जातो, आणि ‘गावात असंच चालतं’ या वाक्याखाली खरोखर घातक गोष्टीही चालून जातात. माझा आक्षेप या दोन्ही टोकांना आहे. लहान गावात नातं टाळणं हा प्रश्नच नाही. कोणत्या नात्यात आपला निर्णय विकला जातो, हे ओळखणं हा प्रश्न आहे.

नियम आला कुठून तेही पाहायला हवं. समाजकार्याला दोन पूर्वज आहेत. एक शेजाऱ्याचा. जेन अ‍ॅडम्स १८८९ मध्ये शिकागोच्या स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाऊस उघडून तिथेच राहायला गेल्या. आपल्याकडे क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईच्या नागपाड्यात नेबरहूड हाऊस चालवत होते आणि त्याच कामातून १९३६ मध्ये देशातली पहिली समाजकार्याची शाळा उभी राहिली, जी पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. या परंपरेत वस्तीत राहणं हीच पद्धत होती. दुसरा पूर्वज मानसोपचाराच्या बंद खोलीतला. तिथे उपचारक आणि रुग्ण ठरलेल्या तासाला भेटतात, खोलीबाहेर एकमेकांना ओळखत नाहीत, आणि रुग्णाच्या असहायतेचा गैरफायदा घेतला जाण्याची भीती खरी असते. दुहेरी नात्यांचा नियम या दुसऱ्या घराण्यातून आला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय समाजकार्यकर्ता संघटनेने १९९६ च्या आचारसंहितेत तो लिहिला, पण तिथेही तो सरसकट नाही. ज्या नात्यात शोषणाचा किंवा संभाव्य इजेचा धोका आहे ते नको, आणि जिथे दुहेरी नातं टळत नाही तिथे स्पष्ट, त्या समाजाला रुचेल अशी सीमा आखण्याची जबाबदारी कार्यकर्त्याची, असा त्याचा आशय आहे. आपण पहिला अर्धा भाग शिकवतो. खेड्याला लागू पडतो तो दुसरा.

आता एक उदाहरण तपशिलात घेऊ. ते कल्पित आहे, पण ग्रामीण भागात काम केलेल्या कुणालाही त्यातली माणसं ओळखीची वाटतील. तालुक्याच्या गावात पोलीस ठाण्याच्या आवारातल्या एका खोलीत महिला समुपदेशन केंद्र आहे. पोलीस यंत्रणेत बसून समाजकार्यकर्त्यांनी हिंसेच्या तक्रारी हाताळायच्या, ही कल्पना १९८४ मध्ये मुंबईत टाटा संस्थेने सुरू केलेल्या विशेष कक्षाची, आणि आज ती राज्यभर रुजली आहे. केंद्रातली समुपदेशक एमएसडब्ल्यू झालेली, याच गावात सून म्हणून आलेली. एके दुपारी एक बाई येते. नवरा मारतो, महिन्याभरापासून दीर घराबाहेर पडू देत नाही. समुपदेशक तिला पाहताच ओळखते. दोघींची मुलं एका वर्गात आहेत. दोघी एकाच बचत गटात आहेत आणि समुपदेशक त्या गटाची सचिव आहे. तिसरी गोष्ट म्हणजे बाईचा सासरा ज्या पतसंस्थेचा संचालक आहे, त्याच पतसंस्थेत समुपदेशकाचा नवरा लिपिक आहे.

पुस्तकी नियम म्हणेल की तीन दुहेरी नाती आहेत, केस घेऊ नका. गावठी शहाणपण म्हणेल की ओळखीची आहे, बरंच झालं, मिटवून टाका. दोन्ही सल्ले आळशी आहेत, कारण तिन्ही नाती सारखी नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल गॉटलिब यांनी १९९३ मध्ये अशा वेळी तपासायच्या तीन गोष्टी सांगितल्या: दोघांत सत्तेचा फरक किती आहे, नातं किती काळ चालणार आहे, आणि ते कधी संपलं हे दोघांना स्पष्ट कळणार आहे का. तिसरी गोष्ट लहान गावात आपोआप नापास होते, कारण इथे केस बंद झाली तरी माणूस रोज भेटतो. उरतो तो मुख्यतः सत्तेचा प्रश्न, आणि मी त्याला एक जोड देईन: या नात्यामुळे माझं किंवा माझ्या घराचं काही पणाला लागतं का?

मुलांचा वर्ग या कसोटीवर निरुपद्रवी ठरतो. शाळेच्या फाटकात दोघी भेटतील, एवढंच. बचत गटाचं अवघड आहे, पण सांभाळता येण्यासारखं. नवऱ्याची नोकरी मात्र वेगळी गोष्ट आहे. उद्या घरगुती हिंसाचाराचा अहवाल लिहिताना सासऱ्याचं नाव घालायचं की नाही, या क्षणी समुपदेशकाच्या घरचा पगार टेबलावर येतो. ती कितीही प्रामाणिक असो, तो येतोच. शिवाय ती अतिप्रामाणिक असेल तर उलटा दोष घडतो. आपण दबलो नाही हे स्वतःला पटवण्यासाठी ती गरजेपेक्षा कठोर लिहिते आणि बाईच्या इच्छेविरुद्ध प्रकरण पुढे रेटते. निर्णय दोन्ही वेळा बाईचा राहत नाही. ही केस तिने घेऊ नये.

याला कायद्याचाही आधार आहे, आणि तो आपल्याच कायद्यात आहे हे फार जणांना माहीत नसतं. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी पक्षांना समुपदेशनाला पाठवू शकतात. त्यासाठीच्या २००६ च्या नियमांतला तेरावा नियम म्हणतो की वादाच्या विषयाशी हितसंबंध असलेली किंवा कुठल्याही पक्षाची नातेवाईक असलेली व्यक्ती समुपदेशक होऊ शकत नाही. सर्व पक्षांनी लेखी हरकत सोडली तरच अपवाद. खेड्याच्या दृष्टीने हा नियम मला परदेशी आचारसंहितेपेक्षा शहाणा वाटतो. तो नातं नाकारत नाही, ते उघड करायला आणि कागदावर संमती घ्यायला लावतो. मात्र त्यात एक पळवाट आहे. नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई ‘माझी हरकत नाही’ असं लिहून देते तेव्हा तिच्यापुढे दुसरा पर्याय होता का, हे कागदावर दिसत नाही. दुसरी समुपदेशक चाळीस किलोमीटरवर असेल आणि एसटीला दिवसातून दोनच फेऱ्या असतील, तर ती संमती नसते, नाइलाज असतो.

नातं सांगायचं तेही वेळेवर. बाईने सगळं सांगून झाल्यावर ‘तुमचे सासरे आमच्या यांचे साहेब आहेत’ म्हणणं म्हणजे तिला फसवणं. आधी पाणी द्यावं, ती आत्ता सुरक्षित आहे का, लगेच दवाखान्याची गरज आहे का एवढं विचारावं, आणि मग तिने घडलेलं उलगडण्याआधी सांगावं की ‘वहिनी, आपली अशी अशी ओळख आहे. यातलं एक नातं असं आहे की त्यामुळे मी तुमचं काम नीट करू शकणार नाही. दुसऱ्या ताईंना मी आत्ता फोन लावते, तोवर तुम्ही इथेच बसा.’ तातडी असेल तर समुपदेशकाने पहिली मदत करायचीच, कारण सुरक्षिततेचा प्रश्न वाट पाहत नाही. पण अहवाल दुसऱ्या हाताने लिहिला जावा, आणि आपण का बाजूला झालो ते नोंदवहीत त्याच दिवशी दोन ओळींत लिहावं. तोंडी सांगितलेलं गावात टिकत नाही, बदलत जातं.

बचत गटाकडे परत येऊ, कारण लहान गावाची खरी गंमत तिथे आहे. धरू की पतसंस्थेचं नातं नाही आणि केस समुपदेशकानेच घेतली. दोन महिन्यांनी बाई गटाकडे दहा हजारांचं कर्ज मागते. समुपदेशकाला ठाऊक आहे की हे पैसे माहेरी जाऊन खोली घ्यायला हवेत. गटाला तिने शिलाई मशीन सांगितलं आहे. सचिव म्हणून बोलली तर गुपित फुटतं, गप्प राहिली तर गटाला फसवल्यासारखं होतं. शहरी उत्तर आहे की तिने त्या बैठकीतून उठून जावं. पण बारा बायकांच्या गटात सचिव एकाच कर्जाच्या वेळी उठून गेली की उरलेल्या अकरा जणींना समजायचं ते समजतं. उठून जाणंच बातमी होते. असंच नेहमीच्या हळदीकुंकवाला एखाद्या घरी जाणं बंद केलं की होतं.

म्हणून लहान जागी सीमा केस आल्यावर आखता येत नाही, ती केस येण्याआधी आखावी लागते आणि सगळ्यांना सारखी लागू करावी लागते. समुपदेशकाने नोकरी धरली त्याच आठवड्यात गटाला सांगायला हवं होतं: मी सदस्य राहीन, हप्ता भरीन, पण सचिवपद घेणार नाही आणि कुणाच्याही कर्जाच्या निर्णयात मत देणार नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं, केंद्राचा नियम आहे. मग ती गप्प बसली तर त्यातून कुणाबद्दलच काही कळत नाही. रस्त्यात भेटण्याचंही तसंच. पहिल्याच भेटीत ठरवावं की बाहेर भेटलो तर मी नेहमीसारखंच बोलेन, तुमच्या विषयाला हात लावणार नाही, तुम्हाला काही सांगायचं असेल तर केंद्रात या. फोन कुणाच्या हातात असतो, केंद्रातून आलेला फोन सासूने उचलला तर काय म्हणायचं, हेही तेव्हाच ठरवावं. केसच्या फाइली घरी न्यायच्या नाहीत हा नियम लिहायला किरकोळ आहे, पण ज्या घरात सासूबाई चष्मा लावून सगळं वाचतात तिथे तो सर्वांत महत्त्वाचा.

याची सर्वांत अवघड कसोटी लागते ती लग्नाच्या मोसमात. स्थळ आलं की चौकशी होते, आणि गावातल्या समुपदेशकाइतकी चौकशीला योग्य व्यक्ती दुसरी नाही. नणंदेच्या मुलीसाठी स्थळ आलंय. मुलगा दुसरेपणाचा, शेती चांगली. नणंद विचारते, ‘वहिनी, घराणं कसं आहे?’ समुपदेशकाच्या कपाटात त्या मुलाच्या पहिल्या बायकोची फाइल आहे. त्या फाइलमधला एक शब्द जरी बाहेर गेला तरी पहिल्या बायकोने दिलेला विश्वास मोडतो, आणि तालुक्यातल्या प्रत्येक बाईला कळतं की केंद्रात सांगितलेलं सोयरिकीच्या बैठकीत निघतं. पण गप्प राहिलं तर भाची त्या घरात जाते. ‘जरा अजून चौकशी करा’ असं सूचक बोलणंही गुपित फोडणंच आहे, फक्त सभ्य भाषेत.

इथे सोपं उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. माझं मत असं आहे की फाइल बंदच राहिली पाहिजे, पण त्या जागी एक सार्वजनिक सल्ला असायला हवा, जो समुपदेशक वर्षानुवर्षं, कुठल्याही स्थळाबद्दल, महिला मेळाव्यात आणि स्वयंपाकघरात सारखाच देत आली आहे: मुलाचं आधी लग्न झालं असेल तर पहिल्या सुनेच्या माहेरी स्वतः जाऊन विचारा, आणि घटस्फोटाचा निकाल मागून वाचा. हा सल्ला ती सगळ्यांना देते हे सर्वांना माहीत असेल, तर तो भाचीच्या वेळी दिल्याने काहीही फुटत नाही. आणि सांगायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्या बाईचा आहे, तिच्याच दारात प्रश्न जातो. हे उपाय पूर्ण नाहीत. नणंद पहिल्या सुनेच्या माहेरी विचारायला जाणार नाही, जमीन पाहूनच लग्न ठरेल, असंही होईल. तो भार समुपदेशकाला वाहावा लागतो.

गुप्ततेला एक मर्यादा मात्र आहे आणि ती आधीच सांगितली पाहिजे. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की २०१२ च्या पॉक्सो कायद्यातल्या कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं, मग आरोपी समुपदेशकाचा चुलत दीर का असेना. गावात हे बोलून ठेवलं नसेल तर केस दाखल झाल्यावर तो विश्वासघात वाटतो.

भेटवस्तूंचा विषय मी लवकर संपवतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त लिहिलं गेलं आहे. पायलीभर ज्वारी किंवा वांगी नाकारणं हा अपमान आहे. ती केंद्रात सगळ्यांत वाटावी. साडी आणि पैसे घेऊ नयेत. ज्वारीने कुणाचा निर्णय बदलल्याचं मी ऐकलेलं नाही.

निर्णय बदलतो तो दुसऱ्याच नात्याने, आणि त्याची चर्चा होत नाही, कारण ते नातं एका माणसाशी नसून गावाशी असतं. समुपदेशक भावकीची सून असते. गावाने तिला मान दिलेला असतो तो घरं जोडणारी ताई म्हणून. तुटलेल्या संसारांचा हिशेब तिच्या नावावर लागतो. मग हळूहळू केंद्राच्या दारात आलेल्या बाईपेक्षा गाव हाच तिचा मोठा क्लायंट होतो. याची खूण नोंदवहीत दिसते. पानामागून पान ‘समेट झाला’ असतं, आणि त्याच बायका वर्षाच्या आत पुन्हा आलेल्या असतात. खरं तर २००६ च्या नियमांतल्या चौदाव्या नियमाने समुपदेशनाचा हेतू स्पष्ट केला आहे: हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणं. मारहाणीचं समर्थन पुरुषाला तिथे मांडता येत नाही. तडजोड करायची असेल तर ती बाईच्या इच्छेने. घर जोडण्याची जबाबदारी समुपदेशकावर त्यात कुठेही टाकलेली नाही. ती गावाने टाकलेली आहे.

यात जात आणि मजुरी आली की सत्तेचा फरक टोकाला जातो. तक्रार घेऊन आलेली बाई समुपदेशकाच्याच शेतावर खुरपणीला येत असेल तर तिच्या ‘ताई, तुम्ही म्हणाल तसं’ या वाक्याला संमती म्हणता येत नाही. समुपदेशकाने समेट सुचवला आणि बाई नाही म्हणाली, तर उद्याचा रोज जाईल की काय ही भीती खोटी असली तरी पुरेशी असते. अशा नात्याला ‘आमचे घरोब्याचे संबंध आहेत’ म्हणणारी माणसं मला सर्वांत धोकादायक वाटतात. वरच्याला घरोबा वाटतो त्या जागी खालच्याला मालक दिसत असतो. नियम तेराच्या शब्दांत मालक हा नातेवाईक नाही आणि वादाशी त्याचा हितसंबंधही सिद्ध करता येणार नाही, म्हणून कायदा इथे हरकत घेणार नाही. ती समुपदेशकानेच घ्यायला हवी.

मग बाहेरचीच माणसं नेमा, असं कुणी म्हणेल. ते मला पटत नाही. पुण्याहून आलेली मुलगी दोन वर्षांत बदली मागते, आणि राहिली तर तिचाही घरमालक, दूधवाला, मुलांच्या शाळेतली बाई गावातलीच होते. शिवाय तिला पुणेरी मराठीत सांगितलेलं दुःख आणि अहिराणीत सांगितलेलं दुःख यांतलं दुसरं अर्धंच कळतं. गावची समुपदेशकच हवी, पण तिला एकटीला नव्हे. डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायला वैद्यकीय परिषद आहे, वकिलांविरुद्ध बार कौन्सिल आहे. आरोग्य क्षेत्रातले समाजकार्यकर्ते २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात आले, पण तालुक्याच्या समुपदेशकाविरुद्ध बाईने जायचं कुठे, याला स्वतंत्र दार नाही. सीमा सांभाळण्याचा सगळा भार आपण एका कमी पगाराच्या, बहुधा कंत्राटी बाईच्या सद्सद्विवेकावर सोडून दिला आहे.

म्हणून केंद्र चालवणाऱ्या संस्थांना आणि महिला व बालविकास विभागाला सांगणं एवढंच की शेजारच्या तालुक्याच्या केंद्राशी लेखी करार करा: हितसंबंध आला की केस चोवीस तासांत तिकडे जाईल, आणि बाईच्या प्रवासाचा खर्च केंद्र देईल; हवं तर तिकडची समुपदेशक इकडे येईल. महिन्यातून एकदा दोन तालुक्यांच्या समुपदेशकांनी एकत्र बसून समेट झालेल्या केसेस एकमेकींना दाखवाव्यात. याला लागणारं भाडं जिल्ह्यातल्या एका कार्यशाळेच्या फलक-हारतुऱ्यांइतकंही नाही. ज्या केंद्राकडे ही सोय नाही, त्याच्या समुपदेशकाचं नाव संरक्षण अधिकाऱ्याने न्यायालयाला पाठवायच्या यादीत घालू नये.